नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. नाव ठेवते ती बारशाच्या दिवशी आत्या. नावे ठेवतात ते पुढे जन्मभर शेजारीपाजारी. कथा-नाटके लिहिणाऱ्यांची गफलत पुष्कळदा याच एका मात्रेत होते. पात्राचे नाव ठेवायला म्हणून मंडळी बसतात आणि नकळत त्याला नावे ठेवून उठतात. गडी म्हटला की रामू, खेडूत म्हटला की धोंडू, सारंगिया म्हटला की नुसते ‘खाँसाहेब’, आणि कपटी मनुष्य असला तर त्याच्या नावात एखादा साप सोडून दिलेला.

माझा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. नाट्यपदे शिकवायची तर नाटकाची पात्रयोजना हाताशी घ्यावीच लागते, आणि आपल्या संगीत रंगभूमीने नावांचे केवढे प्रयोग केले आहेत ते तेव्हा ध्यानात येते. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) कोवळ्या मुलीशी लग्न करू निघालेला म्हातारा भुजंगनाथ आहे आणि पैशासाठी मुलगी देणारा बाप कांचनभट आहे. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) शूर सेनापती धैर्यधर, तर श्रीमंत पण भित्रा तो लक्ष्मीधर. ‘संशयकल्लोळा’त (१९१६) देवलांनी आणखी मौज केली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, मघा ही नक्षत्रे. त्यांतही आकाशात रेवतीनंतर लगेच अश्विनी येते, आणि नाटकात रेवतीची जोडी अश्विनशेठशीच जमते.

ही नावे म्हणजे उघड उघड पाट्या आहेत. नाटककार प्रेक्षकाला डोळा घालून सांगतो की हा खेळ आहे, आणि प्रेक्षकही ते मान्य करतो. परंतु ‘शारदे’त ज्या एका पात्रासाठी आपला जीव तुटतो त्याचे नाव मात्र पाटी नाही. शारदा हे कोणाच्याही घरातल्या मुलीचे नाव. म्हणूनच तिचे दुःख आपल्या घरातले वाटते. तेव्हा ज्याला हसायचे त्याला पाटी चालते, ज्याच्याबरोबर जगायचे त्याला खरे नाव लागते.

खरे नाव कसे असते हे पाहायचे तर उज्जैनीला रामघाटावर जावे. क्षिप्रेच्या या घाटावर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या श्राद्धपक्ष केले, आणि तेथील तीर्थोपाध्यायांच्या लांबट वह्यांतून त्यांची नावे उतरली. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात आणि आपला पणजा कोणाचा कोण, कोणाबरोबर आला होता, हे वाचून दाखवितात. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या नावानिशी घ्याव्या लागतात. त्यामुळे येथे नाव ही शोभेची वस्तू नाही, कामाची वस्तू आहे.

अशी वही चाळणाऱ्याला पहिली गोष्ट दिसते ती ही, की मनुष्य आपले नाव स्वतः निवडीत नाही. ते दुसरे कोणीतरी, त्याचा स्वभाव कळण्यापूर्वी ठेवते. म्हणजे नावावरून कळतो तो नाव ठेवणाऱ्यांचा काळ, त्यांची श्रद्धा, त्यांची भीती. धोंडो, दगडू, केरो ही नावे घ्या. ज्या घरात मुले जगत नसत तेथे ‘हा तर धोंडा, हा तर केर, याला कोण नेतो’ अशा भावनेने ती ठेवीत. त्यांत अडाणीपणा शोधू जाल तर धोंडो केशव कर्वे समोर उभे राहतात, आणि गेल्या शतकाआधीच्या शतकातले गणिती केरो लक्ष्मण छत्रे. नाव सांगते ते आईच्या काळजातले भय. मुलाची अक्कल सांगत नाही. धर्माचेही तसेच. शहाजीराजांचे नाव नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवले, असे परंपरा सांगते. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’चा (१९५९) नायक मातंग आहे. नावाचा उगम आणि नाव धारण करणाऱ्याचे घर यांची गल्लत करू नये.

दुसरी गोष्ट, नावे आळीपाळीने परततात. आज्याचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्याने बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजीच झाला. पण सुनेने सासऱ्याचे नाव कसे उच्चारावे? मग घरात त्या मुलाला नाना, बापू, अण्णा, भाऊ म्हणत. म्हणून वहीत एक नाव आणि अंगणात दुसरे. कादंबरीकाराला याचा मोठा उपयोग आहे. वहीतले नाव काळ आणि कूळ सांगते. हाकेचे नाव नाते सांगते, आणि स्वभावाचा वास लागतो तो या हाकेत. अनंताला कोणी अनंतराव म्हणतो, कोणी अंतोबा, कोणी अंत्या. मनुष्य एकच, पण हाक मारणारा आपला आदर, लोभ किंवा राग त्या प्रत्ययात घालतो.

तिसरी गोष्ट, नावे बदलतात. ग्वाल्हेरच्या गादीवर १८४३ साली दत्तक आलेला भगीरथराव जयाजीराव झाला. बडोद्यास १८७५ साली गोपाळरावाचा सयाजीराव झाला. पुरुषाला नवे नाव मिळाले ते राज्याबरोबर. बाईला ते मिळे तांदळाच्या ताटात, नवऱ्याने अंगठीने लिहिलेले. बाळूताई खरे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध करताना विभावरी शिरूरकर हे दुसरे नाव घेतले, आणि पुढे लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. पहिले नाव माहेरचे, तिसरे सासरचे, मधले मात्र स्वतःचे. एका स्त्रीचा सारा काळ या तीन नावांत मावतो.

आणि आपण तर माळव्या-ग्वाल्हेरकडचे मराठी. आपल्या नावांवर या मातीचे पाणी चढलेले. ग्वाल्हेरचे थोर गवई राजाभैया पूछवाले (निधन १९५६) यांचे खरे नाव बाळकृष्ण. बाळकृष्ण दक्षिणेतले, ‘भैया’ उत्तरेतले. आणि देशावर गावाला ‘कर’ लागून आडनाव होते तेथे इकडे ‘वाले’ लागला. मराठी घर, हिंदी मुलूख आणि लोकांचा लोभ, एवढे सगळे त्या दोन शब्दांत आहे. ते ख्याल कसा मांडीत हे मात्र नावातून कळणार नाही; त्यासाठी गाणेच ऐकले पाहिजे.

माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी एक नाटिका लिहिली. काळ १९३५, स्थळ रामघाट, पितृपक्ष. एक मराठी कुटुंब श्राद्धाला आले आहे. तिची पात्रे अशी: कडक आजोबा उग्रसेनपंत, व्यसनी मुलगा सुधाकर, नात नलिनी, ‘आत्या’, गडी रामू, सारंगिया ‘खाँसाहेब’ आणि लोभी ‘पंडा’. पात्रांची यादी वाचूनच सगळी नाटिका कळली. सुधाकर म्हणताच प्रेक्षकाला ‘एकच प्याला’ आठवतो आणि पात्र रंगमंचावर येण्यापूर्वीच दारूचा वास सुटतो.

आम्ही दोघांनी बसून प्रत्येकाचे जन्मसाल काढले. नाव कथेच्या सालाचे नसावे, जन्माच्या सालाचे असावे. आजोबा १८६६ सालचे, ते झाले काशिनाथपंत. त्यांचे वडील त्र्यंबक. ते वारल्यावर १८९३ साली मुलगा झाला, म्हणून तोही त्र्यंबक. आता त्याची आई सासऱ्याचे नाव घेणार कशी? ती त्याला ‘बापू’ म्हणते. कचेरीत तो त्र्यंबकराव. व्यसन त्याच्या नावातून गेले आणि एका जागी आले: काशिनाथपंत नेहमी ‘बापू’ म्हणत असता एके दिवशी घाटावर ‘त्र्यंबक’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडी स्वतःच्या बापाचे नाव येते. जे नाव पिंडासाठी घ्यायचे तेच मुलाला दटावण्यासाठी घेतले. तेथे वेगळे भाषण लागत नाही.

नात १९२१ ची. तिचे नाव कुमुद केले, कारण नाटिकेत एक नर्मदाही होती आणि ‘न’ने सुरू होणारी दोन नावे एका प्रवेशात आली की मागच्या रांगेतल्यांचा घोटाळा होतो. घाटावरून हाक मारताना नावाचे शेवटचे अक्षर लांबते. ‘कुमेऽ’ ही हाक पाण्यावरून स्पष्ट येते. गड्याचे नाव भेरू ठेवले. भैरवाचे ‘भेरू’ हे माळव्यातले घरोघरचे नाव. त्यातून मुलूख कळतो, बुद्धी कळत नाही. ‘पंडा’ हे नावच नव्हे, तो व्यवसाय. त्याचे शिवनारायण झाले, आणि नाव मिळताच तो लोभी राहिला नाही. सात पिढ्या तोंडपाठ असल्याचा अभिमान बाळगणारा मनुष्य झाला.

सारंगियाविषयी मी थोडा हट्ट धरला. माझे वडील दरबारचे गवई. त्यांच्यामागे सारंगी धरणाऱ्यांची नावे जाहिरातीत येत नसत, म्हणून ती घरात मुद्दाम घेतली जात. इंदूरच्या होळकर दरबारात शहामीर खाँ होते आणि बुंदू खाँही होते. एक नाव भारदस्त, दुसऱ्याचा अर्थ थेंब. एवढे वैविध्य असता सगळ्यांना एकच ‘खाँसाहेब’ का? नाटिकेतले गृहस्थ नन्हे खाँ झाले. पासष्टीचा म्हातारा आणि नाव नन्हे. कधी काळी तो कोणाचे तरी शेंडेफळ होता एवढे त्यातून कळते. बाकी सगळे त्यांना खाँसाहेब म्हणतात, काशिनाथपंत मात्र ‘नन्हे’. दोघांचे बालपण एकत्र गेले हे सांगायला दुसरा शब्द लागला नाही.

राहिली आत्या. माहेरी गंगू, सासरी पार्वती, वैधव्यानंतर परत आलेली ती नुसती आत्या. शिवनारायण वही वाचतात: त्र्यंबक, त्यांचे काशिनाथ, त्यांचे त्र्यंबक. ती विचारते, “माझे नाव कुणाच्या वहीत?” उपाध्याय पाने उलटतात. काशिनाथपंत पळीपंचपात्र बाजूस ठेवतात आणि पन्नास वर्षांनी तिला म्हणतात, “गंगू, इकडे ये. लिहा महाराज, माझी बहीण.”

पात्रांची यादी लिहून झाली की संवाद झाकून फक्त नावे वाचावीत. कोण दुष्ट आणि कोण भला हे कळले तर नावे फार बोलली. कोणाचे वय, मुलूख, नाते काहीच कळले नाही तर ती फार मुकी राहिली. आणि ज्याला नावच नाही असा कोणी यादीत असेल, तर बारशाला आधी त्याच्यापासून सुरुवात करावी.