शेजारच्याचं उत्तर चालत नाही

नेटवर्किंगच्या परीक्षेत सबनेटिंगचा प्रश्न सगळ्यांना एकच, पण आकडे मात्र प्रत्येक पेपरात वेगळे. एकाला `172.16.77.130/20`, शेजारच्याला `172.16.93.130/20`. प्रश्न असा: हा पत्ता कोणत्या सबनेटमधला?

/20 म्हणजे डावीकडचे 20 बिट नेटवर्कचे. त्यातले 16 पहिल्या दोन आकड्यांत संपतात, उरलेले 4 तिसऱ्यात येतात. म्हणून तिसरा आकडा 16-16 च्या टप्प्यांनी पुढे सरकतो: 64, 80, 96. 77 हा 64 च्या टप्प्यात बसतो. म्हणजे नेटवर्क `172.16.64.0`, ब्रॉडकास्ट `172.16.79.255` आणि यंत्रांसाठी मधले 4094 पत्ते. शेजारच्याचा 93 मात्र 80 च्या टप्प्यात पडतो. त्यामुळे पहिल्याच्या पेपरात `172.16.80.0` दिसलं, की उत्तर कुठून आलं हे परीक्षकाला लगेच कळतं.

खरी गोची आकडे निवडताना होते. कुणाला /24 आला, तर हिशेब करावाच लागत नाही. शेवटच्या आकड्याजागी शून्य लिहिलं की झालं. /20 वाल्याला मात्र घाम फुटतो. तेव्हा सर, आकडे खुशाल बदला; पण स्लॅशनंतरचा आकडा सगळ्यांना सारखाच ठेवा.