बर्फाच्या पेटीत न जाणारी पिशवी

गणेशोत्सवात महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं भरतात. मांडवाच्या मागच्या बाजूला खाटा टाकलेल्या असतात, दात्याच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि प्रशस्तिपत्र पडतं आणि भरलेली पिशवी एका पेटीत जाते. ही पेटी कुणी निरखून पाहत नाही. खरं तर पाहायला हवी, कारण डेंग्यूच्या तापाने दवाखान्यात पडलेल्या एखाद्या रुग्णाला या पिशवीतून प्लेटलेट्स मिळणार की नाही, ते त्या पेटीतच ठरतं. पेटीत बर्फ असेल, तर त्या रक्तातून तांबड्या पेशी मिळतील, प्लाझ्माही मिळेल, पण कामाच्या प्लेटलेट्स मिळणार नाहीत.

रक्त म्हटलं की फ्रिज आठवतो आणि तांबड्या पेशींपुरतं ते बरोबरही आहे. प्लेटलेट्सना मात्र थंडी सोसत नाही. एरवी त्या चपट्या तबकडीसारख्या असतात. गारठल्या की त्या गोलसर होतात, त्यांना काटे फुटतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरची रचना बदलते. अशा प्लेटलेट्स रुग्णाला चढवल्या तर यकृतातल्या भक्षक पेशी त्यांना ओळखून पटापट बाहेर काढतात. स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या अमेरिकन डॉक्टरांनी 1969 मध्ये हे दाखवून दिलं. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेट्सपेक्षा 22 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात कितीतरी जास्त टिकत होत्या. तेव्हापासून 20 ते 24 अंश हे प्लेटलेट्सचं तापमान ठरून गेलं. म्हणून ज्या पिशवीतून प्लेटलेट्स काढायच्या, ती शिबिरातून रक्तपेढीपर्यंत याच तापमानात आणावी लागते आणि 6 ते 8 तासांच्या आत तिच्यावर काम सुरू करावं लागतं.

समजा, सकाळी 10 वाजता अशी एक पिशवी भरली. 55 किलोहून अधिक वजनाच्या दात्याकडून 450 मिलिलिटर रक्त घेतलं. खरं तर ही एकच पिशवी नसते. मुख्य पिशवीला नळ्यांनी आणखी दोन लहान पिशव्या जोडलेल्या असतात, म्हणून तिला ट्रिपल बॅग म्हणतात. मुख्य पिशवीत रक्त गोठू नये म्हणून 63 मिलिलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं. दुसऱ्या पिशवीत मीठ, साखर आणि ॲडेनाइन असलेलं 100 मिलिलिटर पोषक द्रावण असतं, त्याला रक्तपेढीत एसएजीएम म्हणतात. तिसरी रिकामी असते. इथून पुढे रक्त एका पिशवीतून दुसरीत फिरतं, पण एकदाही उघड्यावर येत नाही. जंतू आत शिरू नयेत यासाठीच ही सगळी जोडणी.

रक्त नुसतं उभं ठेवलं तरी आपोआप वेगळं होऊ लागतं. ईएसआर नावाची तपासणी अनेकांनी केलेली असते. त्यात एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच मोजतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण 20 च्या आत असतो. या गतीने अख्खी पिशवी वेगळी करायची तर प्लेटलेट्सचे सहा-आठ तास कधीच उलटून जातील. म्हणून गुरुत्वाकर्षण हजारो पटींनी वाढवणारं यंत्र लागतं, ते म्हणजे सेंट्रिफ्यूज.

रक्तपेढीचं सेंट्रिफ्यूज मोठ्या वॉशिंग मशीनएवढं असतं आणि त्याला स्वतःची थंड करण्याची सोय असते. प्लेटलेट्स काढताना ते 22 अंशांवर लावतात. पिशव्या आत ठेवण्याआधी तंत्रज्ञ समोरासमोरच्या कप्प्यांचं वजन तराजूवर तोलून घेतात आणि फरक राहिला तर रबराच्या चकत्या टाकून भरून काढतात. ही कटकट नाही. वजनात फरक राहिला तर यंत्र थरथरतं, आतले थर एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

पहिली फेरी हलकी असते. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 2000 पट जोर, तोही साधारण 3 मिनिटं. पात्याची त्रिज्या 25 सेंटिमीटर असेल, तर त्यासाठी मिनिटाला 2700 फेरे लागतात. यंत्र बदललं की फेरे बदलतात, म्हणून प्रत्येक रक्तपेढी आपल्या यंत्रावर चाचण्या घेऊन आकडे पक्के करते. या फेरीत सगळी करामत वेळेवर थांबण्यात आहे. तांबडी पेशी प्लेटलेटच्या दुपटी-तिपटीने मोठी असते आणि जडही असते, त्यामुळे ती झपाट्याने तळाशी जाते. प्लेटलेट इवलीशी आणि प्लाझ्मापेक्षा जराशीच जड, त्यामुळे ती मागे रेंगाळते. तांबड्या पेशी बसल्या आहेत पण प्लेटलेट्स अजून वर तरंगताहेत, त्या क्षणाला यंत्र थांबलं पाहिजे. ब्रेकही करकचून लावत नाहीत, नाहीतर बसलेला थर उसळतो.

आता पिशवी हलकेच उचलून एक्सप्रेसर नावाच्या चिमट्यात ठेवतात. स्प्रिंगची पाटी पिशवीला मागून दाबते आणि वरचा पिवळसर भाग नळीतून रिकाम्या पिशवीत चढू लागतो. तंत्रज्ञाची नजर दोन थरांच्या सीमेवर खिळलेली असते. तिथे पांढऱ्या पेशींचा पातळ करडा पट्टा असतो. तो नळीच्या तोंडाशी पोचण्याआधी चिमटा लावायचा. लोभाने थोडं जास्त घेतलं तर तांबड्या पेशी ओढल्या जातात आणि प्लेटलेट्सची पिशवी गुलाबी दिसू लागते. अशी पिशवी पाहून तंत्रज्ञ कपाळाला आठ्या घालतो.

आपल्या पिशवीतून असा सुमारे 250 मिलिलिटर प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा निघाला. खाली राहिलेल्या तांबड्या पेशींत एसएजीएम सोडतात, नळी उष्णतेने सील करून ती पिशवी वेगळी करतात आणि थेट 2 ते 6 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवतात. या पोषणावर त्या 42 दिवस टिकतात. फ्रिजरमध्ये गेल्या तर बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात, म्हणून फ्रिजच्या मागच्या भिंतीला पिशवी टेकू देत नाहीत. दुसरीकडे तापमान 10 अंशांच्या वर गेलं तर पेशी लवकर झिजतात आणि जंतूंना वाव मिळतो.

एसएजीएमची पिशवी आता रिकामी झाली आहे आणि तिचं काम अजून बाकी आहे. प्लेटलेटयुक्त प्लाझ्माची पिशवी आणि ही रिकामी पिशवी पुन्हा सेंट्रिफ्यूजमध्ये जातात. ही फेरी जड असते. जवळपास 5000 पट जोर, 5 मिनिटं, त्याच यंत्रावर मिनिटाला साधारण 4200 फेरे. आता प्लेटलेट्सही तळाशी चिकटून बसतात. वरचा सुमारे 200 मिलिलिटर स्वच्छ प्लाझ्मा रिकाम्या पिशवीत चढवला, की खाली 50 मिलिलिटरच्या आसपास प्लाझ्मात प्लेटलेट्सचा गठ्ठा उरतो. त्याला लगेच हात लावायचा नसतो. जोराने दाबलेल्या या पेशी तासभर तशाच पडू द्यायच्या, मगच हलकेच हलवून मोकळ्या करायच्या. घाई केली तर गुठळ्या राहतात आणि त्या पुन्हा मोडत नाहीत.

मग ही लहानशी पिशवी 22 अंशांच्या कपाटात, सतत मागेपुढे हलणाऱ्या फळीवर जाते. प्लेटलेट्स जिवंत असतात, श्वास घेतात. पिशवीच्या खास प्लॅस्टिकमधून प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. हालचाल थांबली तर आतल्या पेशींना पुरेसा प्राणवायू पोचत नाही, लॅक्टिक आम्ल साचतं आणि प्लेटलेट्स मरतात. पिशवी चांगली आहे का, हे ओळखायची एक जुनी आणि साधी खूण आहे. पिशवी उजेडासमोर धरून हळू फिरवली तर आत धुरासारखी चकाकणारी भोवऱ्याची नक्षी दिसते. तबकडीच्या आकाराच्या पेशी उजेड परतवतात म्हणून ती दिसते. पेशी गोलसर झाल्या की पिशवी नुसती गढूळ दिसते, चकाकी जाते.

हे सगळं करून आयुष्य किती? 5 दिवस. 22 अंशांना जंतूही मजेत वाढतात, म्हणून मुदत याहून फारशी ताणता येत नाही. त्यातही एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया या सक्तीच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत पिशवी बाहेर देता येत नाही. म्हणजे हातात चारच दिवस उरतात.

प्लाझ्माची गोष्ट उलटी आहे. तो जितका लवकर आणि जितका कडक गोठवला, तितका चांगला. त्यातले रक्त गोठवणारे काही घटक उघड्या तापमानाला झरझर नष्ट होतात. त्यामुळे तोही दान झाल्यापासून 6 ते 8 तासांत गोठवून उणे 30 अंशांखाली ठेवतात आणि तिथे तो वर्षभर टिकतो. काही रक्तपेढ्यांत गोठवताना पिशवीच्या कमरेला रबरबँड लावतात आणि प्लाझ्मा गोठल्यावर तो काढून टाकतात. मागे खाच राहते. वीज जाऊन पिशवी मधेच वितळली आणि पुन्हा गोठली, तर ती खाच नाहीशी होते आणि चोरी पकडली जाते. वापरायच्या वेळी 37 अंशांच्या पाण्यात ती वितळवतात, पण सांभाळूनच, कारण उणे 30 अंशांवर प्लॅस्टिक काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं. दात्याने शिबिराला येण्याआधी वडापाव हाणला असेल तर प्लाझ्मा दुधासारखा पांढरट निघतो आणि बहुधा टाकून द्यावा लागतो.

आता डेंग्यूच्या रुग्णाकडे येऊ. 60 किलोचा माणूस, प्लेटलेट्स 8,000. रक्तस्राव नसला तरी 10,000 च्या खाली प्लेटलेट्स देण्याचा विचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. दर 10 किलोला एक, या हिशेबाने 6 पिशव्या लागतील, म्हणजे सहा दात्यांचं रक्त. एका पिशवीने प्रौढाचा आकडा 5 ते 10 हजारांनी वाढतो, पण डेंग्यूमध्ये शरीरच प्लेटलेट्स नष्ट करत असल्याने वाढ त्याहून कमी दिसते आणि लवकर उतरते. याउलट 40,000 वर रक्तस्राव नसताना नातेवाइकांनी गावभर फोन फिरवून आणलेल्या पिशव्यांचा बहुतेकदा काही उपयोग नसतो. त्यापेक्षा डॉक्टरांनी सलाइन आणि रक्तदाबावर ठेवलेली नजर जास्त मोलाची.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत शहरातल्या सगळ्या मंडळांची शिबिरं एकामागोमाग होतात. त्यातून तांबड्या पेशींचा साठा दीड महिना पुरतो, प्लाझ्मा वर्षभर पडून राहतो आणि प्लेटलेट्स पाच दिवसांत संपतात. डेंग्यूची लाट मात्र पावसाळा सरून महिना उलटला तरी ओसरत नाही. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी तारीख ठरवण्याआधी जवळच्या रक्तपेढीला दोन गोष्टी विचाराव्यात. घटक वेगळे करण्याची सोय तुमच्याकडे आहे का, आणि दान झाल्यापासून सहा तासांच्या आत पिशव्या तिथे पोचतील का? आणि जमलंच, तर विसर्जनानंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरं एक छोटं शिबिर जरूर भरवावं.