शोरूममधल्या गाडीवर आवारातलं आकाश

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे काढलेला काळ्या सेडानचा फोटो घ्या. मागे पत्र्याचं कुंपण आणि पताका, बाजूला पांढरी हॅचबॅक. हे सारं काढून राखाडी भिंतींचं स्वच्छ शोरूम बसवायचं आहे. पेन टूलने गाडीची कड कापणं कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. फक्त काचांतून पलीकडचं आवार दिसतं, ते विसरायचं नाही. एवढं करूनही फोटो खोटा वाटतो, कारण आवार अजून गाडीच्या अंगावर आहे.

रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट आरशासारखं समोरचं दाखवतो. काळा रंग स्वतः फारसा प्रकाश परतवत नाही, म्हणून आपल्याला दिसते ती गाडी बहुतांशी प्रतिबिंबांचीच बनलेली असते. बॉनेटवर निळसर आकाश, दारांच्या खालच्या भागात जमीन, मध्ये क्षितिजाची वेडीवाकडी रेघ आणि तिच्यावर ती हॅचबॅक. फोटो काढताना पोलरायझर फिल्टर लावला तर यातलं काही कमी होतं. पण एका दारासाठी फिरवून बसवलेला फिल्टर वळणाऱ्या बॉनेटवर तितका चालत नाही.

नवशिके इथे सगळी प्रतिबिंबं पुसतात आणि गाडी प्लॅस्टिकची दिसू लागते. जुनं प्रतिबिंब काढलं की त्या जागी नवं द्यावंच लागतं. त्यासाठी बॉनेट, फेंडर, प्रत्येक दार वेगळं निवडायचं. निळी झाक काढायची, हॅचबॅकच्या जागी वरून खाली हळूहळू गडद होत जाणारी छटा भरायची. हँडल आणि दारांच्या फटी मात्र जशाच्या तशा ठेवायच्या. मग छतावरच्या लांब दिव्याचा पांढरा पट्टा खांद्याच्या रेषेलगत काढायचा. पत्रा सपाट तिथे पट्टा रुंद, वळण तीव्र तिथे अरुंद. फटीपाशी तो तुटावा, पण पुढच्या दारावर त्याच ओळीत सुरू व्हावा. तो वर-खाली सरकला, तर दार नीट बसलेलं नाही असं वाटतं.

जमिनीवरच्या प्रतिबिंबासाठी गाडीचा फोटो उलटा करून चिकटवणं ही हमखास फसणारी युक्ती. चकचकीत फरशीत गाडी खालच्या बाजूने दिसते, आणि तिरप्या कोनातून घेतलेल्या गाडीची चारही चाकं एकाच ओळीत नसतात. म्हणून दिसणाऱ्या प्रत्येक चाकाचं प्रतिबिंब टायर टेकतो तिथूनच सुरू करावं लागतं. टेकण्याच्या जागी सावली सर्वांत गडद हवी, नाहीतर गाडी तरंगते.

एक जागा मात्र हात आखडून काम करण्याची. पत्र्याला पोचा आहे हे प्रतिबिंबाची रेघ वाकल्यावरूनच कळतं. क्षितिजाची वाकडी रेघ पुसून तिथे सरळ पट्टा ओढला, की पोचाही नाहीसा होतो. विकायच्या जुन्या गाडीच्या फोटोत हे चालणार नाही. मूळ फोटोत रेघ जिथे वाकली होती, तिथे नवा पट्टाही तेवढाच वाकवावा.