मालजामीन : अर्ध्या पानाचे एक हमीपत्र

जून महिन्याच्या अखेरीस, एम. एस्सी.च्या वर्गात प्रवेश निश्चित झालेल्या आपल्या एकवीस वर्षांच्या कन्येस घेऊन सांगलीहून पुण्यास गेलेले माझे एक स्नेही कर्वेनगरमधील एका दलालाच्या टेबलासमोर बसले असता, भाडेकराराच्या कागदांखालून आणखी एक कागद त्यांच्यापुढे आला. त्यावर एवढाच मजकूर होता की, ‘माझ्या मुलीसंबंधीची सर्व जबाबदारी माझी राहील.’ मुलीच्या बापाने या वाक्यावर सही करण्यास का कचरावे, असे कोणासही वाटेल. कारण घरच्या व्यवहारात ते वाक्य अक्षरशः खरेच असते. तथापि घरात जे ममतेने खरे असते, ते दस्तऐवजात शब्दाच्या व्याप्तीने खरे ठरते, आणि ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती कोठे संपते हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते. त्यांनी सही न करता मला दूरध्वनी केला. जिल्हा न्यायालयात मी तीस वर्षे वकिली केली असल्यामुळे अशा कागदांचे पुढे काय होते हे मी पाहिले होते. त्या दिवशी आम्ही उभयतांनी जे अर्ध्या पानाचे पत्र सिद्ध केले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आपल्या जुन्या दप्तरांत जामिनाचे निरनिराळे प्रकार सांगितलेले आढळतात. अमुक इसमास वेळेवर हजर करीन, असे वचन देणारा तो हाजिरजामीन. त्याच्याकडील येणे त्याने न दिल्यास मी भरीन, असे म्हणणारा तो मालजामीन. आणि त्याच्या वर्तणुकीबद्दलच हमी देणारा तो फैलजामीन. दलालाच्या त्या एका वाक्यात हे तिन्ही जामीन एकत्र कोंबले गेले होते: मुलीने भाडे थकविले तरी बाप जबाबदार, मध्येच घर सोडले तरी जबाबदार, आणि सोसायटीतील कोणाची तिच्याविषयी तक्रार आली तरीही जबाबदार. घरमालकास न्याय्य गरज असते ती यांपैकी एकाचीच. स्वतःची मिळकत नसलेल्या विद्यार्थिनीने भाडे थकविले तर ते कोणाकडून वसूल करावे, एवढाच त्याचा प्रश्न असतो. म्हणून बापाने मालजामीन राहावे आणि तेवढेच राहावे, हे या पत्राचे सूत्र आम्ही ठरविले.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या १२६ व्या कलमात हमीच्या कराराची व्याख्या आहे, आणि अशी हमी तोंडी असली तरी चालते असे तेच कलम सांगते. ‘काही कमीजास्त झाले तर मी आहे’ असे घरमालकास सहज बोलून जाणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. त्या शब्दांचाही उद्या हमी म्हणून आधार घेतला जाऊ शकतो, आणि मग त्यांची मर्यादा काय होती हे सिद्ध करण्यास कागद नसतो. १२८ वे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. करारात वेगळे ठरविलेले नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच व्यापक असते, आणि घरमालकाने आधी मुलीकडे तगादा लावून हात टेकल्यावरच बापाकडे यावे, असे बंधन त्याच्यावर नसते. अर्थात, ‘वेगळे ठरविलेले नसेल तर’ या शब्दांतच पालकाची सारी सोय आहे. जे ठरवावयाचे ते पत्रातच ठरविले पाहिजे.

प्रथम ठरवावयाची ती रक्कम. आमच्या प्रकरणात घराचे मासिक भाडे २४,००० रुपये होते, तीन मुली ते प्रत्येकी ८,००० प्रमाणे देणार होत्या, अनामत ७२,००० रुपये होती आणि मुदत १ जुलै ते ३१ मे अशी ११ महिन्यांची होती. या कन्येच्या हिश्शाचे ११ महिन्यांचे भाडे ८८,००० होते. पण एवढ्या रकमेची हमी कोणी मागण्याचे कारण नाही. घरमालकीण बाई सेवानिवृत्त होत्या आणि त्या भाड्यावर त्यांचा घरखर्च चालत असे, म्हणून त्यांची काळजी खरी होती. परंतु मुलीच्या वाट्याची २४,००० अनामत म्हणजे तीन महिन्यांचे भाडे त्यांच्या हाती आधीच होते. त्यावर आणखी तीन महिन्यांची, म्हणजे २४,००० रुपयांची हमी मिळाली की सहा महिने त्या निर्धास्त राहत होत्या, आणि थकबाकी तेथवर जाऊ देणे कोणाच्याच हिताचे नव्हते. अशी कमाल रक्कम घालणे म्हणजे बापाने हात आखडणे होय, असे कोणी समजू नये. याच अधिनियमाच्या १२९ व्या कलमाखाली चालू हमीचे जे उदाहरण दिलेले आहे, त्यात जमीनदारीचे खंड गोळा करणाऱ्या माणसाबद्दल हमी देणारा गृहस्थही ५,००० रुपयांची मर्यादा घालूनच ती देतो.

दुसरी गोष्ट हिश्शाची. तिघींनी एकत्र सही केलेल्या भाडेकरारात निराळे काही लिहिलेले नसल्यास, त्याच अधिनियमाच्या ४३ व्या कलमानुसार घरमालक संपूर्ण भाडे तिघींपैकी कोणा एकीकडूनही मागू शकतो. मुलीची जबाबदारी अशी २४,००० पर्यंत पसरली की, १२८ व्या कलमाच्या वाटेने बापाचीही तेथपर्यंत पसरते. आणि ज्यांस आपण कधी पाहिलेही नाही अशा दोन मुलींचे जामीन आपण नकळत होऊन बसतो. म्हणून पत्रात ‘माझ्या कन्येच्या एकतृतीयांश हिश्शापुरती’ हे शब्द अवश्य घालावेत. या शब्दांनी मर्यादित होते ती बापाची जबाबदारी, मुलीची नव्हे. तिची मर्यादित करावयाची असल्यास मूळ करारातच तिघींचे हिस्से स्वतंत्र लिहून घ्यावे लागतात. आमच्या बाबतीत करार आधीच तयार झालेला असल्यामुळे तेवढे साधले नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची, आणि येथे महाराष्ट्रातील पालकांनी विशेष सावध असावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या २४ व्या कलमाप्रमाणे, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जो ताबा सोडीत नाही, त्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. परीक्षा लांबली म्हणून तीन मुली जूनमध्येही त्याच घरात राहिल्या, तर २४,००० च्या जागी ४८,००० चा आकडा उभा राहू शकतो, आणि ‘सर्व जबाबदारी’ लिहून दिलेल्या बापाच्या दारी तो येतो. यासाठी हमीचा अखेरचा दिवस पत्रात तारखेनिशी लिहावा. मुदतीच्या आत घरमालक व मुली यांनी परस्पर भाडे वाढविले किंवा अटी बदलल्या, तर करार अधिनियमाचे १३३ वे कलम जामिनास त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून मुक्त करते. तरीही ते एका वाक्याने स्पष्ट करून ठेवावे, म्हणजे वाद न्यायालयापर्यंत जात नाही.

राहिली सूचनेची बाब. विद्यार्थी भाडे थकवितात ते बहुधा लबाडीने नव्हे, तर शिष्यवृत्ती लांबल्याने किंवा खर्चाचा मेळ न बसल्याने. आणि ते घरी सांगण्यास संकोचतात. दोन-तीन महिने उलटून गेल्यावर एकदम मोठी रक्कम पुढे येते, ती या मौनामुळे. भाडे थकल्यापासून १५ दिवसांच्या आत मला लेखी कळवावे, ही अट म्हणूनच उभयपक्षी हिताची आहे.

पत्र कधी द्यावे, यासही महत्त्व आहे. करार अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार मुलीस घर देणे हाच हमीचा मोबदला होय; किल्ल्या देऊन महिना उलटल्यावर, नवीन काही न देता मागून घेतलेली हमी मोबदल्याअभावी निरर्थक ठरू शकते. म्हणून घरमालकाच्याही दृष्टीने हे पत्र करारावर सह्या होतात त्याच दिवशी, किल्ल्या हाती पडण्यापूर्वी झालेले बरे. मूळ करार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने आवश्यक केले आहे, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. मुद्रांकाचे दर शासन वेळोवेळी बदलीत असल्यामुळे या पत्रास किती मुद्रांक लागतो, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच विचारून घ्यावे. आणखी एक : मुलाचे वय १८ च्या आत असेल तर त्याच्या नावे करार करून आपण जामीन राहण्याचा द्राविडी प्राणायाम करू नये, अज्ञानाने केलेला करारच मुळी रद्दबातल असल्यामुळे पालकाने भाडेकरार स्वतःच्या नावे करावा.

आम्ही लिहिलेले पत्र, नावे व पत्ते गाळून, असे होते :

‘श्रीमती … यांस, स. न. वि. वि.

आपल्या कर्वेनगर, पुणे येथील सदनिकेचा आजच्या तारखेचा भाडेकरार माझी कन्या व अन्य दोघी यांनी आपणांशी केला आहे. सदर घर आपण माझ्या कन्येस राहण्यास द्यावे, यासाठी मी पुढीलप्रमाणे हमी देतो :

१ जुलै ते ३१ मे या मुदतीत माझ्या कन्येच्या एकतृतीयांश हिश्शाचे दरमहा ८,००० रुपये भाडे तिने न दिल्यास ते मी देईन. या हमीखालील माझी एकूण जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत २४,००० रुपयांहून अधिक असणार नाही.

भाडे थकल्यापासून १५ दिवसांत आपण मला लेखी कळवावे. कळविल्यापासून १० दिवसांत मी रक्कम बँकेमार्फत पाठवीन व आपण पावती द्यावी. घर सोडतेवेळी बाकी राहिल्यास ती प्रथम तिच्या हिश्शाच्या अनामतीतून वळती करावी.

अन्य परवानाधारकांचे भाडे, घराची नासधूस, मुदतीनंतरचा ताबा, अथवा माझ्या लेखी संमतीवाचून केलेली भाडेवाढ यांचा या हमीत समावेश नाही.

कळावे.’

खाली सही, तारीख व दोन साक्षीदार. बाईंनी ते दोनदा वाचले, नासधुशीविषयी विचारले, अनामत त्यासाठीच आहे हे पटल्यावर प्रतीवर ‘मान्य’ असे लिहून सही केली, आणि दलालाचा कागद बाजूला ठेवला गेला.

या पत्राची कसोटी फेब्रुवारीत लागली. तिघींपैकी एक मुलगी घरच्या अडचणीमुळे डिसेंबरअखेर गावी गेली ती परत आलीच नाही, आणि तिचे जानेवारी व फेब्रुवारीचे मिळून १६,००० रुपये राहिले. त्याच सुमारास आमच्या कन्येची शिष्यवृत्ती लांबल्याने तिचेही फेब्रुवारीचे ८,००० थकले. बाईंनी १५ दिवसांच्या आत पत्र पाठविले, पण त्यात एकूण २४,००० रुपयांची मागणी केली. आणि हमीची कमाल मर्यादाही योगायोगाने तेवढीच असल्यामुळे माझे स्नेही क्षणभर गोंधळले. रकमेची मर्यादा येथे पुरेशी नव्हती, हिश्शाचे शब्द कामास आले, हे या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे. ती मर्यादा एकट्या कन्येच्या हिश्शाची होती, तिघींच्या थकबाकीची नव्हे. त्यांनी ८,००० रुपये पाठविले, ‘हमीदाराकडून, फेब्रुवारीचे भाडे’ असे लिहिलेली पावती घेतली, आणि पत्रातील ते वाक्य आदरपूर्वक निदर्शनास आणून दिले. बाईंनी गेलेल्या मुलीच्या पालकांशी बोलून तिच्या २४,००० अनामतीतून १६,००० वळते केले, उरलेले ८,००० तिला परत दिले, आणि मार्चपासून नवी मुलगी ठेवून घेतली. नव्या मुलीचा अंतर्भाव करण्यासाठी करारात दुरुस्ती करावी लागली, तेव्हा त्या दुरुस्तीस लेखी संमती देताना ‘हमी पूर्वीच्याच मर्यादेत’ असे खाली नमूद करण्यास माझे स्नेही विसरले नाहीत. दलालाचा मूळ कागद जर सही होऊन गेला असता, तर न पाहिलेल्या मुलीचे १६,००० रुपये त्यांच्याकडेच मागितले गेले असते, आणि नकार देण्यास त्यांच्या हाती एकही शब्द नसता.

३१ मे रोजी घर रिकामे करून देताना अनामतीचा हिशेब झाला, आणि माझ्या सांगण्यावरून स्नेह्यांनी मूळ हमीपत्र परत मागितले. हे करण्यास बहुतेक पालक विसरतात, आणि मग जुना कागद घरमालकाच्या कपाटात पडून राहून पुढील वर्षीच्या नव्या कराराबरोबर पुन्हा वर येतो. बाईंनी त्याच्या पाठीवर आपल्या हस्ताक्षरात लिहिले : ‘या पत्राखाली काहीही येणे बाकी नाही.’ जुन्या दप्तरात यालाच फारकती म्हणत. पुढील वर्षाचे भाडे दरमहा ९,००० रुपये ठरले, तेव्हा नवे आकडे व नव्या तारखा घालून त्यांनी नवे पत्र लिहिले, आणि त्या वेळी त्यांना मला विचारण्याची गरज पडली नाही.