पटावर शेवटपर्यंत टिकलेले प्यादे

इटलीतल्या मेरानो गावी १९८१ साली जागतिक अजिंक्यपदाची लढत झाली. त्या लढतीच्या नवव्या डावात कोर्चनोईच्या पांढऱ्या मोहऱ्यांमध्ये डी-४ घरावर एक प्यादे एकटे उभे होते. कारपोवने काळी मोहरी घेऊन तासन्‌तास त्या एकाच प्याद्यावर नेम धरला आणि त्रेचाळिसाव्या चालीला कोर्चनोईने डाव सोडला. हा डाव जवळपास प्रत्येक प्रशिक्षक शिष्यांना दाखवतो. पण त्यातली एक गंमत सहसा सांगितली जात नाही. ते प्यादे कधी मारलेच गेले नाही. उलट अडतिसाव्या चालीला त्यानेच कारपोवचा एक हत्ती खाल्ला, आणि कोर्चनोईने हार मानली तेव्हाही ते पटावर होते.

प्राथमिक पुस्तके वाचून क्लबात खेळू लागलेल्या खेळाडूला कमकुवत प्यादी ओळखता येतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर आपले प्यादे नसेल तर ते एकाकी. एकाच उभ्या पट्टीवर एकामागे एक दोन आली तर ती दुहेरी. शेजारची प्यादी पुढे निघून गेली आणि पुढचे घर शत्रूच्या ताब्यात असल्यामुळे जे सरकू शकत नाही, ते मागे राहिलेले. व्याख्या पाठ असते, अडचण पुढे येते. असे प्यादे दिसले की हा खेळाडू हत्ती आणि वजीर घेऊन थेट त्यावर तुटून पडतो. प्रतिस्पर्धी तितक्याच मोहऱ्यांनी ते राखतो आणि डाव तिथेच अडकतो.

एकाकी प्याद्याची खरी अडचण दुहेरी असते. त्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार मिळत नाही, म्हणून राखणीला मोठी मोहरी लावावी लागतात. हे सगळ्यांच्या लक्षात येते. दुसरी बाजू अशी की त्याच्या अगदी समोरच्या घरात शत्रूचे मोहरे येऊन बसले, तर त्याला हुसकावायला शेजारचे प्यादेच नसते. डी-४ वर एकाकी प्यादे असेल तर डी-५ हे घर काळ्याचे कायमचे ठाणे होऊ शकते.

मात्र पटावर बरीच मोहरी असताना हेच प्यादे धोकादायक असते. ते ई-५ घराला आधार देते, तिथे पांढरा घोडा बसतो, आणि योग्य वेळी डी-५ असा रेटा देऊन पांढरा सगळा पट मोकळा करतो. कोर्चनोईला नेमके हेच हवे होते. कारपोवचे काम म्हणून अकराव्या चालीलाच सुरू झाले. त्याने घोडा एच-५ वर नेला आणि काळ्या घरांतून चालणाऱ्या उंटांची अदलाबदल घडवून आणली. मग घोड्याला घोडा गेला, आणि ई-५ वर येऊन बसलेल्या पांढऱ्या घोड्याला कारपोवने आपला उंट देऊन संपवले. अठराव्या चालीनंतर दोघांकडे वजीर, दोन हत्ती आणि एकेक लहान मोहरे उरले. पांढऱ्याचे हल्ला करणारे सैन्य संपले होते, आणि प्यादे तिथेच होते.

यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. कारपोवने हत्ती डी-६ आणि डी-८ वर, वजीर डी-७ वर आणला. कोर्चनोईला आपले दोन्ही हत्ती डी-३ आणि डी-१ वर प्याद्यामागे उभे करावे लागले. पंचविसाव्या चालीला काळा घोडा डी-५ वर आला. तो तिथे असह्य होता म्हणून पांढऱ्याने आपला उंट देऊन त्याला मारले, तर तिथे काळा हत्ती येऊन बसला. आता ई-५ असे प्यादे रेटण्याची धमकी होती. पांढऱ्याने ते प्यादे मारायला डी-४ वरचे प्यादे हलवले, की डी पट्टी उघडी पडून मागचा हत्ती जाणार! हे थांबवायला कोर्चनोईने तिसाव्या चालीला एफ-४ खेळले.

डाव इथे फिरला. एफ-४ मुळे ई-५ चा धोका तात्पुरता टळला, पण पांढऱ्या राजासमोरची भिंत फुटली आणि दुसरी आडवी रांग मोकळी झाली. कारपोवने मग वजिराच्या बाजूला बी-५ खेळून नवी भांडणे काढली. कोर्चनोईची मोहरी तिकडे ओढली गेली, आणि पस्तिसाव्या चालीला ई-५ आलेच. अखेर डी-४ च्या प्याद्याने ई-५ वरचा हत्ती खाल्ला, पण त्या क्षणी काळ्या हत्तीने डी पट्टीवरून डी-२ वरचा हत्ती मारला आणि तो पांढऱ्या राजाच्या शेजारच्या रांगेत घुसला. शेवटच्या चालीत डी-५ वरून वजिराने शह दिला, त्याच फटक्यात ए-८ वरचा पांढरा हत्तीही धोक्यात आला. एका प्याद्याची राखण करताना पांढऱ्याने राजा उघडा पाडला होता. ज्याच्या राखणीत इतका खर्च झाला ते प्यादे मात्र सुखरूप होते.

दुहेरी प्याद्यांबद्दल शिकणाऱ्यांच्या मनात विनाकारण भीती असते. प्यादे प्याद्यामागे गेले की बिघडलेच, असे नसते. १९७२ साली रेक्याविकला झालेल्या स्पास्की-फिशर लढतीचा पाचवा डाव याचा उत्तम दाखला आहे, कारण त्यात दोन्ही खेळाडूंना दुहेरी प्यादी झाली आणि एकाची गळ्यात आली, तर दुसऱ्याची कामाला आली.

फिशरने सहाव्या चालीला आपला उंट देऊन सी-३ वरचा घोडा मारला. स्पास्कीने बी-२ चे प्यादे सी-३ वर घेऊन उत्तर दिले आणि त्याची सी-३, सी-४ अशी जोडी झाली. मग फिशरने डी-६ आणि ई-५ खेळून मध्यभाग बंद केला. स्पास्कीने डी-५ पुढे केल्यावर ही जोडी जागच्या जागी गोठली. दुहेरी प्याद्यांना हलायला वाव असला तर ती मध्यभागाला बळ देतात, गोठली की ती आपल्याच उंटांच्या वाटेत धोंडे होऊन बसतात. स्पास्कीकडे दोन उंट होते आणि त्यांना धड एकही कर्ण मिळाला नाही. पण आणखी एक नुकसान कमी बोलले जाते: बी पट्टीवरचे प्यादे सी पट्टीवर गेले, त्यामुळे ए पट्टीवरचे प्यादे आपोआप एकाकी झाले. ते ए-४ वर आले, फिशरने ए-५ खेळून त्याला तिथेच खिळवले.

आता दुसरी जोडी. बाराव्या चालीला स्पास्कीने जी-६ वरचा घोडा मारला आणि फिशरने एफ-७ चे प्यादे जी-६ वर घेतले. त्याचीही प्यादी दुहेरी झाली, पण एफ पट्टी त्याच्या हत्तीला मोकळी मिळाली. पुढचे प्यादे जी-५ वर सरकवले, तेव्हा ई-५ आणि जी-५ अशा दोन प्याद्यांनी एफ-४ हे घर राखले गेले. रिकाम्या झालेल्या जी-६ वर वजीर आला आणि सव्विसाव्या चालीला काळा घोडा एफ-४ वर जाऊन बसला. सत्ताविसाव्या चालीला स्पास्कीने वजीर सी-२ वर नेला, ही घोडचूक होती. फिशरने उंटाने ए-४ चे प्यादे टिपले आणि स्पास्कीने डाव सोडला. वजिराने तो उंट मारला असता तर काळ्या वजिराने ई-४ चे प्यादे खाऊन जी-२ आणि ई-१ अशा दोन घरी मातेची धमकी दिली असती. इथेही सी पट्टीवरच्या त्या बदनाम जोडीला कुणी हात लावला नव्हता. पडले ते तिच्या शेजारचे.

म्हणून दुहेरी प्यादी दिसली की नजर जोडीवर खिळवू नये. मध्यभाग बंद करता येतो का, ती गोठवता येतात का, हे आधी बघावे. आणि ज्या पट्टीवरून प्यादे निघून गेले, तिथे आता कुणाचा आधार तुटला, हे शोधावे.

मागे राहिलेल्या प्याद्याची गोष्ट घराभोवती फिरते. सिसिलियन बचावात काळा खेळाडू ई-५ खेळतो, तेव्हा डी-६ चे प्यादे मागे राहते आणि डी-५ चे घर राखायला त्याच्याकडे प्यादे उरत नाही. तरीही जगातले उत्तम खेळाडू हे मुद्दाम करतात, कारण उंट ई-६ वर आणि घोडा एफ-६ वर असला की डी-५ मोहऱ्यांनी राखता येते. शिवाय वेळ साधून डी-५ असा रेटा दिला की दुबळेपणा एका चालीत नाहीसा होतो. म्हणजे पांढऱ्याने डी-६ कडे नव्हे, डी-५ चे राखणदार किती आहेत याकडे बघायला हवे.

पुढे जगज्जेता झालेल्या स्मिस्लोवने १९४५ साली मॉस्कोत रुदाकोव्स्कीविरुद्ध हाच हिशेब मांडला. काळ्याचा उंट ई-६ वर आला तसे स्मिस्लोवने एफ-५ खेळून त्याला हाकलले. उंट सी-४ वर गेला, तिथे पांढऱ्या उंटाने त्याला मारले. पहिला राखणदार गेला. पंधराव्या चालीला स्मिस्लोवने दुसरा उंट जी-५ वर नेला आणि पुढच्या चालीला एफ-६ चा घोडा टिपला. दुसराही गेला. काळ्याकडे आता एकच लहान मोहरे उरले, काळ्या घरांतून चालणारा उंट. डी-५ हे पांढरे घर, तेव्हा तो उंट तिथे जन्मात पोहोचू शकत नव्हता. सतराव्या चालीला पांढरा घोडा डी-५ वर बसला आणि डावाचा निकाल जवळपास तिथेच लागला.

त्या घोड्यामुळे डी-६ चे प्यादे जागीच अडकले. ते मारायची स्मिस्लोवला काही घाई नव्हती. त्याने एफ-६ असा प्याद्याचा बळी देऊन राजाची बाजू फोडली, वजीर आणि हत्ती तिकडे नेले आणि अठ्ठाविसाव्या चालीला डाव जिंकला. काळ्याला डी-६ चे प्यादे डी-५ वर सरकवायची संधी सत्ताविसाव्या चालीला मिळाली. तोवर फार उशीर झाला होता.

हे तंत्र नेहमी चालते असे नाही. फक्त हत्ती उरलेल्या अंत्यस्थितीत एकाकी प्यादे राखणाऱ्याला अनेकदा बरोबरी साधता येते, राखणीत त्याचा राजाही मदतीला येतो. म्हणूनच कारपोवने वजीर पटावर ठेवला: वजीर असताना राजाला पुढे येता येत नाही, आणि राखणारे मोहरे हलले की मातेचा धोका उभा राहतो. लहान मोहरी बदलावी, मोठी ठेवावी, हा त्या डावाचा सर्वांत उपयोगी धडा आहे, आणि घाईने वजीर बदलणारे शिकाऊ खेळाडू नेमके इथेच हातचे घालवतात.

पट मांडून ही गोष्ट तपासायची असेल, तर कोर्चनोई-कारपोव डावातली अठराव्या चालीनंतरची स्थिती लावावी आणि मित्रासोबत दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळून पाहावे. पांढऱ्या बाजूने खेळताना आपली किती मोहरी डी-४ च्या राखणीत अडकली, हे दर पाच चालींनी मोजावे.