मैत्रिणीला एकदाच सांगावे, पण नीट सांगावे

आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आमच्यातल्या एकीचा साखरपुडा झाला. मुलगा नोकरीचा, दिसायला-बोलायला चांगला. सगळ्यांना आनंद झाला. पुढे काही महिन्यांनी, पगार होऊन चारच दिवस झालेले असताना, तिने माझ्याकडे बसभाड्यासाठी वीस रुपये मागितले. मी सहज विचारले, तर म्हणाली, "कार्ड त्यांच्याकडेच असतं गं. माझ्या हाताला खर्च फार, असं म्हणतात ते." त्यानंतर रविवारी आम्ही बसलो असताना तासाभरात त्याचे सहा फोन आले. शेवटच्या फोनला ती अर्धा चहा तसाच टाकून उठली.

आमच्या तिसऱ्या मैत्रिणीला हे कळताच ती भडकली. तिने सरळ सुनावले, "असला माणूस करायला तू काय आंधळी आहेस? आता एक तर तो, नाही तर आम्ही!" परिणाम काय झाला? ती त्याचीच बाजू घेऊन भांडली. तिने निवडलेल्या माणसाला शिवी म्हणजे तिच्या अकलेला शिवी, असेच तिला वाटले. घरी जाऊन तिने त्याला सगळे सांगितले. "मी म्हणालो नव्हतो, तुझ्या मैत्रिणी जळतात म्हणून?" असे म्हणायला त्याला आयतेच मिळाले. तिला माणसांपासून तोडायचे जे काम त्याला करायचे होते, ते आमच्याच मैत्रिणीने करून दिले. त्या दोघींचे बोलणे बंद झाले.

मी पंधरा दिवस थांबले. फोनवर बोलायचे नाही आणि लिहून पाठवायचे नाही हे ठरवले होते, कारण तिचा मोबाइल तो पाहतो हे मला ठाऊक होते. तिच्या आईसमोरही नाही. एका संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना रस्त्यात विषय काढला. चालताना समोरासमोर डोळ्याला डोळा भिडत नाही, म्हणून अवघड बोलणे जरा सोपे जाते.

मी म्हणाले, "एक बोलू का? एकदाच बोलते. पगार तुझा, पण बसचे पैसे तू मागतेस. आणि त्या रविवारी फोन आला तशी तू घाबरून उठलीस. मला तुझी काळजी वाटली. माझी समजूत चुकीचीही असेल. तुला स्वतःला कसं वाटतं?"

लोकांकडून ऐकलेले मी काही काढले नाही. स्वतः पाहिलेल्या दोनच गोष्टी सांगितल्या. तो कसा आहे यावर शब्दही बोलले नाही आणि लग्न मोड असेही म्हणाले नाही. ती म्हणाली, "तसं काही नाही गं, स्वभाव आहे त्यांचा." मी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे. रात्री-अपरात्रीही ये." मग आम्ही मेथीच्या भावावर बोलू लागलो.

खरी परीक्षा यानंतरच असते. तोच विषय दर भेटीत काढला, तर मैत्रीण आपल्यापासून लपवू लागते, आणि मग तिच्या घरात काय चालले आहे ते कळायचा रस्ताच बंद होतो. मी नेहमीसारखी भेटत राहिले. तो भेटला तर त्याच्याशीही नीट बोलले. विषय तिने काढेपर्यंत मी काढला नाही.

आठ महिन्यांनी ती स्वतःच आली. "तू कार्डाचं बोलली होतीस ना, ते डोक्यातून गेलं नाही," म्हणाली. कार्ड परत मागितल्यावर त्याने दोन दिवस अबोला धरला होता. पुढे काय करायचे ते तिने आईवडिलांशी बोलून ठरवले. लग्नाची तारीख पुढे ढकलली. निर्णय तिचा होता, माझा नव्हे.

मात्र 'एकदाच' या नियमाला मर्यादा आहे. मारहाण, गळा दाबणे, जिवाची धमकी, "सोडलंस तर मी जीव देईन" असा धाक, यांपैकी काही दिसले तर गप्प बसू नये. तिला एकटीला गाठून स्पष्ट विचारावे आणि मदतीची वाट दाखवावी. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. तातडीचा धोका असेल तर 112. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात स्त्रीचा पैसा बळकावणे हाही छळच धरला आहे. लग्नाच्या बायकोला तो लागू होतोच, शिवाय लग्नासारख्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो.

बाकी वेळी एकदा बोलावे आणि दार उघडे ठेवावे. आमची तिसरी मैत्रीण आजही म्हणते, "मी खरंच बोलले होते ना?" बोलली होती खरेच. पण अडचणीच्या वेळी ती तिच्या दारात गेली नाही.