चौदा दिवस, दोन प्रकरणं

पूर्वपरीक्षेनंतर दरवर्षी पालक एकच वाक्य घेऊन येतात, "सर, तिला वर्गसमीकरणं आणि महत्त्वमापन येतच नाही." गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. मी तिला दोन्ही प्रकरणांतली पाच-पाच उदाहरणं दिली आणि पुस्तक बंद करायला लावलं. तिची दहापैकी तीन बरोबर आली. मग चुकलेली सात आम्ही एकेक ओळ करून वाचली. चारमध्ये फक्त चिन्ह चुकलं होतं, दोनमध्ये नको ते पृष्ठफळ धरलं होतं आणि एकाच उदाहरणात सूत्र आठवलं नव्हतं. म्हणजे "येतच नाही" असं काही नव्हतं. दोन सवयी दुरुस्त करायच्या होत्या, आणि त्यासाठी दोन आठवडे पुरतात.

म्हणून पहिला दिवस फक्त या तपासणीचा. गुण मोजू नका, उत्तर ज्या ओळीत बिघडलं त्या ओळीवर खूण करा: सूत्र आठवलं नाही तर "सू", मांडणी चुकली तर "मां", आकडेमोड चुकली तर "आ". पुढचे तेरा दिवस कुठे खर्च करायचे ते या खुणाच सांगतात. खाली दिलेलं वेळापत्रक रोज दीड तासाचं आहे.

दिवस २ ते ५ : वर्गसमीकरणं

या मुलीने 6x² − x − 2 = 0 सोडवताना 6 आणि 2 यांचा गुणाकार 12 लिहिला आणि बेरीज −1 येईल अशा 12 च्या जोड्या शोधत बसली. अशी जोडी सापडणारच नव्हती, कारण गुणाकार −12 आहे. एका चिन्हाने तिची दहा मिनिटं गेली, वर "मला अवयव पाडता येत नाहीत" असा समजही झाला. जोडी −4 आणि 3 ही आहे:

6x² − 4x + 3x − 2 = 0
2x(3x − 2) + 1(3x − 2) = 0
(3x − 2)(2x + 1) = 0

म्हणून x = 2/3 किंवा x = −1/2.

यावर मी एक सवय लावतो. उदाहरण हातात घेतल्याबरोबर a, b, c चिन्हांसकट लिहायचे: a = 6, b = −1, c = −2. मग विवेचक काढायचा: b² − 4ac = 1 + 48 = 49. ऋण संख्येचा वर्ग धनच येतो, त्यामुळे b² इथे 1 आहे, −1 नाही. शिवाय −4 × 6 × (−2) मध्ये दोन ऋण चिन्हं एकत्र आल्याने 48 मिळवायचे आहेत, वजा करायचे नाहीत. चिन्हाच्या बहुतेक चुका याच दोन जागी होतात. समीकरणातले सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग आला, तर सरळ अवयव पडतात. धन आला पण पूर्ण वर्ग नसेल, तर जोड्या शोधण्यात वेळ न घालवता सूत्र वापरायचं. पद्धत प्रश्नातच सांगितली असेल, तर मात्र तीच वापरायची.

उत्तर आल्यावर अर्ध्या मिनिटाची पडताळणी: मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a यायला हवा. इथे 2/3 आणि −1/2 यांची बेरीज 1/6 आहे आणि −b/a सुद्धा 1/6 आहे. जुळलं की पुढे जायचं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी अवयव पद्धत, चौथ्या दिवशी सूत्र आणि पूर्ण वर्ग, पाचव्या दिवशी शाब्दिक उदाहरणं. शाब्दिक उदाहरणात "रुंदी x मीटर मानू" हे वाक्य आधी लिहायचं. वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा 4 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 96 चौरस मीटर असेल, तर x(x + 4) = 96, म्हणजेच x² + 4x − 96 = 0, आणि मुळं 8 व −12. इथे थांबू नका. "रुंदी ऋण नसते, म्हणून x ≠ −12" हे लिहून शेवटी रुंदी 8 मीटर आणि लांबी 12 मीटर असं पूर्ण उत्तर द्यायचं.

दिवस ६ ते १० : महत्त्वमापन

रोज सुरुवातीला दोन वर्गसमीकरणं सोडवायची, नाहीतर आठवडाभरात हात पुन्हा अडखळतो. त्यानंतर कोऱ्या कागदावर वृत्तचिती, शंकू, गोल आणि अर्धगोल यांची सूत्रं न बघता लिहायची. जे आठवलं नाही ते लाल शाईने भरायचं. पाचव्या दिवशी लाल शाई जवळजवळ दिसत नाही.

पण सूत्रं पाठ असूनही उदाहरण चुकतं, ते वेगळ्याच ठिकाणी. भोवऱ्याच्या आकाराचं एक लाकडी खेळणं घ्या: खाली शंकू, वर अर्धगोल. त्रिज्या 6 सेमी, शंकूची उंची 8 सेमी. पृष्ठफळ काढताना आमच्या मुलीने शंकूचं एकूण पृष्ठफळ 96π आणि अर्धगोलाचं एकूण पृष्ठफळ 108π मिळवून 204π उत्तर काढलं. सूत्रं दोन्ही बरोबर, उत्तर चूक.

मी तिला म्हटलं, "या खेळण्याला रंग द्यायचाय. ब्रश कुठे कुठे लागेल?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मधल्या चकतीला लागणार नाही." तेवढंच कळायचं होतं. रंग फक्त दोन वक्रपृष्ठांना लागतो. तिरकस उंची √(6² + 8²) = 10 सेमी. शंकूचं वक्रपृष्ठफळ πrl = 60π, अर्धगोलाचं 2πr² = 72π, एकूण 132π, म्हणजे π = 3.14 धरून 414.48 चौसेमी. तिचं उत्तर 72π ने जास्त होतं, आणि 72π म्हणजे 36π च्या दोन चकत्या, एक शंकूची आणि एक अर्धगोलाची.

घनफळाला हा नियम लागू नाही. तिथे दोन्ही भागांची घनफळं पूर्ण मिळवायची: 96π + 144π = 240π, म्हणजे 753.6 घसेमी.

म्हणून प्रत्येक उदाहरणात आधी कच्ची आकृती काढून रंग लागेल तो भाग पेन्सिलीने छायांकित करायचा. दिलेला आकडा त्रिज्या आहे की व्यास, हेही आकृतीवरच लिहायचं.

वितळवून नवी वस्तू केल्याच्या उदाहरणात घनफळ तेच राहतं. 6 सेमी त्रिज्येचा गोल वितळवून 2 सेमी त्रिज्येचे आणि 3 सेमी उंचीचे शंकू केले, तर 288π ÷ 4π = 72 शंकू होतात. π दोन्हीकडे कटतो, त्याला 3.14 ने गुणत बसू नका.

दहावा दिवस शंकूछेद आणि वर्तुळपाकळीसाठी. शंकूछेदाच्या घनफळात, ⅓πh(r₁² + r₂² + r₁r₂), शेवटचं r₁r₂ हे पद हमखास राहून जातं.

दिवस ११ ते १४ : सरमिसळ

आता उदाहरणं प्रकरणवार सोडवायची नाहीत. चिठ्ठ्या करून डब्यात टाका, रोज आठ उचला. कोणती पद्धत लागेल हे स्वतः ओळखणं हाच या दिवसांचा सराव. चुकलेलं उदाहरण वहीत उतरवा आणि दोन दिवसांनी उत्तर न बघता पुन्हा सोडवा. लगेच सोडवलं, तर डोळ्यांसमोरचीच पानं हाताने उतरतात.

चौदाव्या दिवशी पहिल्या दिवसाचीच दहा उदाहरणं आकडे बदलून, वेळ लावून सोडवायची आणि पुन्हा त्याच तीन खुणा करायच्या. त्या मुलीची यावेळी आठ बरोबर आली. उरलेल्या दोन्हींवर "आ" होती, म्हणजे सूत्र आणि मांडणी जमली होती, गुणाकार घसरला होता. अशा वेळी परीक्षेपर्यंत नवं काही हातात घेऊ नका, रोज दहा मिनिटं अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांचे गुणाकार करा. पहिल्या दिवशीच सगळीकडे "आ" दिसली, तर मात्र हेच काम आधी करून मग वेळापत्रक सुरू करा.